लघुकथा : नाते – बहीण

कृष्णाकाठ

तुरुंगातल्या भेटीच्या गोष्टींत बहुतेक वेळा आतला माणूस बोलतो. मला बाहेरून येणारीचे डोळे हवे होते. तिला जे दिसतं तेवढंच लिहिलं आहे; तिला काय वाटलं हे सांगणारी वाक्यं मुद्दाम काढून टाकली. कोर्ट-कारागृहाशी कामाचा संबंध असलेली मंडळी इथे आहेत, त्यांनी तपशील तपासावेत. आणि शेवट तुमच्यापर्यंत कसा पोचला तेही सांगा.

---

खिडकी उघडायला अजून तास होता, तरी भिंतीकडेला पिशव्यांची रांग लागली होती. पिशव्यांच्या मालकिणी समोरच्या चहाच्या टपरीच्या सावलीत बसल्या होत्या. सुमननं आपली पिशवी शेवटच्या पिशवीमागं ठेवली आणि तिथंच उभी राहिली.

"बस की गं येऊन. पिशवी कोण नेत नाही हितनं."

बोलणारी बाई साठीची असेल. तिनं सुमनच्या पिशवीकडं बघितलं. "पयल्यांदा आलीस? काय आणलंयस?"

सुमननं दाखवलं. दोन बनियन, टॉवेल, एक पँट, खाली डबा.

"खाकी चालत नाही. शिपायाची वाटती. आणि डबा कोर्टाच्या ऑर्डरीबिगर आत जात नाही."

"वकिलांनी काय सांगितलं नाही."

"त्यांना कुठं रांगेत बसायचंय."

टपरीवाल्यानं एका फळीला खिळे ठोकले होते. प्रत्येक खिळ्यावर नंबर आणि प्रत्येक खिळ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत एकेक मोबाईल. दहा रुपये घेऊन त्यानं सुमनचा फोन एकोणीस नंबरला टांगला आणि तोच नंबर लिहिलेला पत्र्याचा बिल्ला दिला. मधूनच एखादी पिशवी वाजायची, खिळ्याला हलायची, गप्प व्हायची. टपरीवाला मान वर करून बघत नव्हता.

अर्जावर बंद्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, कोर्ट, गुन्हा नंबर, भेटणाऱ्याचं नाव आणि नाते असे रकाने होते. पेन खिडकीला सुतळीनं बांधलं होतं. सुतळी आखूड, त्यामुळं सगळ्या बायका एकाच बाजूला वाकून लिहीत होत्या. शेवटच्या रकान्यात सुमननं 'बहीण' लिहिलं.

आतल्या साहेबांनी आधारकार्ड बघितलं, कॉम्प्युटरवर काहीतरी टिपलं, परत कार्ड बघितलं.

"तुमचं नाव नाही यादीत."

"असंल साहेब. सख्खी बहीण आहे मी."

"तीन नावं दिलीत त्यानं. आई, मामा आणि सुमन रामचंद्र पाटील."

"तीच मी."

"आधारवर सुमन संजय जाधव आहे."

त्यांनी स्क्रीन अर्धवट वळवली. आईच्या आणि मामाच्या नावाखाली तिसरी ओळ होती. त्या नावापुढं वय लिहिलं होतं, तेही दोन वर्षांनी कमी. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. शाळेच्या निकालपत्रानंतर ते नाव तिनं छापलेलं बघितलं नव्हतं.

"लग्नाआधीचं काही आहे का? दाखला वगैरे?"

पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात आईनं निघताना एक घडी घातली होती, असू दे म्हणून. माहेरचं जुनं रेशनकार्ड. प्लॅस्टिकचं कव्हर पिवळं पडलेलं. आत पाच नावं. वडिलांच्या नावावर रेघ, शेजारी 'मयत'. चौथ्या नावावर लाल शाईची रेघ, शेजारी 'विवाह', तारीख आणि कुणाची तरी झोकदार सही.

साहेबांनी लाल रेघेवर बोट ठेवून खालचं नाव वाचलं. मग आधारवरचा फोटो, मग तिचा चेहरा. "पुढच्या वेळी याची झेरॉक्स आणा," म्हणाले आणि तिच्या मनगटावर जांभळा शिक्का मारला.

झडतीच्या खोलीत पडदा होता. शिपाईबाईनं खांद्यापासून खाली हात फिरवला, अंबाडा दाबून बघितला, कनवटीची गाठ चाचपली. "काय आहे?"

"पाचशे रुपये. त्याच्यासाठी."

"रोख आत जात नाही. मनीऑर्डर करा, त्याच्या खात्यावर पडतील, कॅन्टीनला चालतील." मंगळसूत्राच्या वाट्या तिनं दोन बोटांत उचलल्या, मागं-पुढं करून बघितल्या आणि सोडल्या. सुमनच्या हातात एकेक काचेची बांगडी होती. त्या बाईनं तिकडं बघितलंही नाही.

पुढच्या पॅसेजच्या टोकाला गज होते आणि गजांपलीकडं पुरुष उकिडवे बसले होते, दोघा-दोघांच्या जोडीनं, एकामागं एक. सगळ्यांची तोंडं पलीकडं. सुमननं पाठी बघितल्या. चौथ्या जोडीतला डावीकडचा कान तिच्या ओळखीचा होता. लहानपणी गायीनं शिंग मारलेला, वरून तुटका. शिपायानं "उठा" म्हटल्यावर त्या कानाच्या माणसानं आधी शेजारच्या म्हाताऱ्याच्या काखेत हात घातला, त्याला उभं केलं, मग स्वतः उठला.

घरात पाण्याचा तांब्या कधी उचलून दिला नव्हता दीपकनं.

सात नंबरच्या खिडकीला काच होती. काचेवर हातांचे डाग होते दोन उंचीवर: एक तिच्या खांद्याएवढे, एक कमरेएवढे. फोनच्या वायरीला काळी चिकटपट्टी. दीपकनं पलीकडून खूण केली की रिसीव्हर वाकडा धर, हनुवटीखाली. तसा धरल्यावर आवाज आला.

"आक्का. कशानं आलीस?"

"पहाटेच्या एसटीनं. हा शर्ट कुणाचा?"

आकाशी शर्ट होता, बाह्या दोनदा दुमडलेल्या, खिशाला शाईचा डाग. दीपक दुसऱ्याचा कंगवासुद्धा वापरायचा नाही.

"काकांचा. आमच्या बराकीत आहेत. माझा मुद्देमालात जमा आहे."

मुद्देमाल हा शब्द त्यानं बैल, वैरण म्हणावं तसा म्हटला.

"आई कशीय?"

"बरीय. गुडघा धरलाय."

"म्हैस?"

"व्याली. रेडी झाली."

मागून शिपाई गेला. दीपक उठून उभा राहिला, हात पाठीमागं. शिपाई पुढं गेल्यावर बसला. रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"नाना?"

नाना म्हणजे चुलतभाऊ. बांधावर दीपकच्या हातातलं फावडं ज्याच्या डोक्यात बसलं तो. दिवाळीला सुमन दोघांनाही एकाच पाटावर ओवाळायची, धाकटा म्हणून दीपकला नंतर.

"मिरजेला आहे अजून. उठून बसतो."

"बोलतो का?"

"काकीशी बोलतो. आमच्याशी नाही."

दीपकनं काचेवर नखानं एक आडवी रेघ ओढली. नखं कापलेली होती, अगदी आतपर्यंत. नांगरट करून आल्यावर आई ओरडायची तेव्हासुद्धा कापायचा नाही.

"वकिलाला किती दिले?"

"तू नको विचारू."

तो तिच्या हातांकडं बघत होता. सुमननं रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. मग तोही हात त्याला दिसला.

"पाटल्या कुठायत गं?"

"गेटवर काढून घेत्यात. जाताना देत्यात परत."

दीपकनं तिच्या गळ्याकडं बघितलं. मग नाकातल्या मोरणीकडं बघितलं. शेजारच्या खिडकीत एक बाई रिसीव्हर सोडून काचेशी ओरडत होती, "उकळून पी, पाणी उकळून पी."

"हां," दीपक म्हणाला. "कडक आहे हितं."

मग फोन बंद झाला, सगळ्या खिडक्यांचे एकदम.

---

पाऊसवेडी

वाचून घशाशी आलं. ताई, तुमच्या भावाला लवकर जामीन मिळो. आईंची काळजी घ्या. नाना बरे झाले की घरच्या घरी मिटेल सगळं. रक्ताची माणसं आहेत.

कृष्णाकाठ

पाऊसवेडी, मनापासून आभार. ही कथा आहे, सुमन मी नव्हे. पण 'घरच्या घरी मिटेल' हे तुम्ही म्हणालात ना, तेच तिलाही गावात रोज कुणीतरी म्हणत असणार.

बाळू_सातारकर

कथा आवडली पण तपशिलात गडबड आहे. एक, कैद्याला पांढरा गणवेश असतो, टोपीसकट. आकाशी शर्ट कुठून आला? दोन, काच-फोन हे सिनेमात. प्रत्यक्षात दुहेरी जाळी असते, मधे हातभर अंतर, आणि सगळे बोंबलत असतात. माझा मित्र आत होता, मी स्वतः गेलोय भेटायला. तीन, दागिने काढूनच घेतात. माझ्या मित्राच्या बायकोच्या बांगड्या काढायला लावल्या होत्या. म्हणजे सुमन खरं बोलतेय असंच मी वाचलं, आणि मग शेवटात काय आहे ते कळलं नाही.

विधीसेवा_मीरा

मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील आहे, कारागृहात नियमित जाते. बाळू, तुमच्या तिन्ही मुद्द्यांत थोडं थोडं खरं आहे.

पांढरा गणवेश शिक्षा लागलेल्यांना. खटला चालू असलेला बंदी स्वतःच्या कपड्यांत असतो. दीपकचा गुन्हा ताजा आहे, दोषारोपपत्रही गेलेलं नसणार, म्हणजे तो न्यायाधीन बंदी. आणि अटकेच्या वेळी अंगावर असलेले कपडे रक्ताच्या डागांसाठी पोलीस पंचनामा करून जप्त करतात. घरून कपडे पोचेपर्यंत अशी माणसं दुसऱ्याच्या शर्टात असतात. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी संपून एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झालेला पोरगा मी कितीदा कुणाच्या तरी बनियनवर पाहिला आहे. मला त्या शर्टावरच पहिल्यांदा वाटलं की लिहिणारीने चौकशी केलेली आहे.

जाळी आणि काच दोन्ही आहेत. जुन्या इमारतींत जाळी, नव्या किंवा दुरुस्त झालेल्या मुलाकात कक्षात काच आणि इंटरकॉम. तुम्ही पाहिलं ते खरं, कथेतलंही खरं.

दागिन्यांचं मात्र सगळीकडे एक नाही. कुठे मोठ्या धातूच्या बांगड्या काढायला सांगतात, कुठे नुसत्या बघतात. पण कथेपुरतं उत्तर कथेतच आहे. शिपाईबाई मंगळसूत्र उचलून बघते आणि सोडते. म्हणजे या गेटवर दागिने काढत नाहीत. आता परत वाचा: दीपक पाटल्यांचं विचारतो, उत्तर ऐकतो, आणि मग गळ्याकडे आणि नाकाकडे बघतो. दोन्ही जागी सोनं आहे.

बाळू_सातारकर

अरे हो. मोरणी वाचली होती पण नुसती वाचली. तरीसुद्धा तो 'कडक आहे हितं' म्हणतो, म्हणजे त्याला पटलं असंही होऊ शकतं की नाही? आतला माणूस, बाहेरच्या झडतीत काय घेतात त्याला काय माहीत?

विधीसेवा_मीरा

बराकीत शंभर माणसांच्या घरच्या बायका येऊन जातात. गेटवर काय चालतं हे आतल्यांना गेटवरच्या शिपायाइतकं पाठ असतं. माझ्या मते त्याला कळलं.

गंगाधर_मास्तर

मला मीराताईंचं म्हणणं पटतं, पण बाळूचा संशय मला मोलाचा वाटतो. लेखिकेने दीपकचा चेहरा सांगितलेला नाही, फक्त नजर कुठून कुठे गेली ते सांगितलं. त्यामुळे आपल्याला सुमनएवढंच कळतं, आणि तिलाही नक्की कळलेलं नाही. ती उरलेला सगळा प्रवास हेच घोकत जाणार.

माझी एक तक्रार आहे. 'घरात पाण्याचा तांब्या कधी उचलून दिला नव्हता दीपकनं' ही ओळ काढा. म्हाताऱ्याला काखेत हात घालून उठवणं पुरेसं आहे. त्या ओळीने तुम्ही आमचा हात धरलात. नखांपाशीही तेच, 'आई ओरडायची तेव्हासुद्धा'. एकदा तुलना केलीत, शर्टापाशी, कंगव्याची. ती सुरेख आहे. तीच ठेवा.

आणि लाल रेघ! ज्या रेघेने नाव काढलं तीच रेघ नातं सिद्ध करते, आणि तुम्ही त्यावर एक शब्दही बोलला नाहीत. तिथे दाखवलेला संयम बाकी ठिकाणीही हवा.

कृष्णाकाठ

मास्तर, नखांचं वाक्य काढते. तांब्याचं ठेवणार. ती वाचकासाठी लिहिलेली तुलना नाही, तिथे सुमनच्या डोक्यात खरोखर तेच येईल. तिने त्याला चौदा-पंधरा वर्षं वाढलंय, भांडी उचललीत. म्हाताऱ्याला उठवताना बघून तिला कौतुक वाटेल असं मला वाटत नाही, थोडा रागच येईल.

तासगावची_लेक

माझं वेगळं म्हणणं आहे आणि ते थोडं कडू आहे. नाना कुठे आहे? मिरजेच्या दवाखान्यात, दोन ओळींत. त्यालाही बहीण असेल. ती अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसलेली असेल, तिलाही चपला काढून आत सोडत असतील, तिच्याही पाटल्या गेल्या असतील. बांधाच्या भांडणात डोकं फुटलेलं माझ्या घरात झालंय, आणि फुटलेलं डोकं आमच्या बाजूचं होतं. दीपकच्या तुटक्या कानाचं वाचताना मला पाझर फुटला आणि मग राग आला की फुटला.

कृष्णाकाठ

तुमचा राग मी खोडणार नाही. सुमन दोघांची बहीण आहे, म्हणून एकाच पाटावर ओवाळण्याची ओळ घातली. ती मिरजेला गेली होती का, तिथे तिला काकीनं आत येऊ दिलं का, हे या कथेत मावलं नाही. कदाचित ती दुसरी कथा आहे आणि कदाचित तीच आधी लिहायला हवी.

तासगावची_लेक

लिहा. 'आमच्याशी नाही' या दोन शब्दांत ती आहेच. मी वाट बघेन.

पाऊसवेडी

मीराताई, एक विचारू का? पाटल्या मोडून वकील करावाच लागतो का? सरकारी वकील मिळतो म्हणतात तो फक्त दारिद्र्यरेषेखाली असेल तर ना?

विधीसेवा_मीरा

हा समज सगळीकडे आहे आणि यापायी किती घरांतलं सोनं गेलं असेल. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळतो ते दिलंय, आणि त्यात कोठडीत असलेली व्यक्ती स्वतंत्रपणे नमूद आहे. तिथे उत्पन्नाची अट लागत नाही. दीपक आत आहे एवढंच पुरेसं आहे. त्याने कारागृहातून अर्ज दिला तरी चालतो, सुमनने जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात दिला तरी चालतो. बऱ्याच जिल्ह्यांत आता लोकअभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील फक्त अशाच आरोपींचे खटले चालवतात. फोनवर विचारायचं तर १५१०० हा क्रमांक.

अडचण कुठे येते? लोकांना 'फुकटचा वकील' म्हटलं की भरवसा वाटत नाही, आणि गावात कुणीतरी सांगतं की मोठा वकील दिला तर आठवड्यात बाहेर. खुनाच्या प्रयत्नाच्या गुन्ह्यात जखमी अजून दवाखान्यात असताना जामीन अवघड असतो, वकील कोणीही असो. जखमीची प्रकृती स्थिरावल्याचा डॉक्टरांचा दाखला येतो तेव्हा अर्जात जीव येतो. म्हणून दीपक 'बोलतो का?' विचारतो ते मला दोन्ही अर्थांनी ऐकू आलं. भाऊ म्हणून, आणि बराकीत कुणीतरी त्याला हे सांगितलेलं असणार म्हणून.

तासगावची_लेक

तो दुसरा अर्थ मला लागला नव्हता. आता दीपक मला अजून कमी आवडतो.

गंगाधर_मास्तर

किंवा अजून खरा वाटतो.

विधीसेवा_मीरा

जाता जाता, या विषयातला सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल बहिणीच्याच भेटीवरून सुरू झाला होता. फ्रान्सिस कोराली मलिन विरुद्ध दिल्ली प्रशासन, १९८१. त्या तिहारमध्ये स्थानबद्ध होत्या. त्यांची पाचेक वर्षांची मुलगी त्यांच्या बहिणीकडे होती, आणि बहीण व मुलगी यांना महिन्यातून एकदाच भेट मिळायची. न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली आणि जगण्याच्या हक्कात आपल्या माणसांना भेटणं येतं असं म्हटलं. आपल्याकडे खटला चालू असलेल्यांना साधारण आठवड्याला एक भेट मिळते. वार आणि वेळ प्रत्येक कारागृहाची वेगळी.

नऊवारी

मी इथे फक्त वाचायला येते, पण हा धागा बघून लिहितेय. माझा दीर पंधरा दिवसांपूर्वी आत गेलाय, आर्थिक व्यवहाराची केस आहे. पुढच्या आठवड्यात जाऊ आणि मी पहिल्यांदा जाणार आहोत. आमच्याकडे सुमनच्या उलट आहे. जावेने लग्नानंतर नाव बदललं नाही, आधारवर माहेरचंच आहे. दिराने यादीत कुठलं नाव दिलंय माहीत नाही, तो घरात तिला वेगळ्याच नावाने हाक मारतो. वकील म्हणतात काही होत नाही, जा. मला ही कथा वाचून धडकी भरली. मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला न्यायचं का हाही प्रश्न आहे.

विधीसेवा_मीरा

घाबरू नका, पण कागद घेऊनच जा. जावेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र, मूळ आणि झेरॉक्स. ते नसेल तर मुलाचा जन्मदाखला; त्यावर आई आणि वडील दोघांची नावं असतात, त्यामुळे तो मुलासाठी आणि तिच्यासाठी दोन्हीकडे उपयोगी पडतो. तुमचं नातं वहिनीचं, म्हणून तुमच्या आधारवर पतीचं नाव आहे ना बघा. दिराच्या वडिलांचं आणि तुमच्या सासऱ्यांचं नाव एकच हे दाखवणारं रेशनकार्ड सोबत ठेवा.

जायच्या आधी वकिलांना सांगा की पुढच्या तारखेला किंवा भेटीत दिराला एवढंच विचारा: यादीत नावं कशी दिली आहेत? आधारवर आहेत तशीच्या तशी नावं एका चिठ्ठीवर लिहून वकिलांकडे द्या. त्याने आत अर्ज दिला की यादी दुरुस्त होते. आणि eprisons.nic.in वर ई-मुलाकातीची नोंदणी करून बघा. राज्य, कारागृह, बंद्याचं नाव, नातं एवढं भरायचं असतं. तिथेही नाव आधारप्रमाणेच टाका, घरातलं नको. मंजुरी आली तर रांगेतला वेळ वाचतो, नाही आली तर अडतंय कुठे ते आधीच कळतं.

बाळू_सातारकर

मुलाला पहिल्या खेपेला नेऊ नका असं मी म्हणेन. गर्दी, आवाज, आणि बाप लांबून दिसतो. माझ्या मित्राचा पोरगा घाबरून बाहेरच रडत बसला, आत गेलाच नाही.

विधीसेवा_मीरा

मी उलटं बघितलंय. न नेलेली मुलं घरी काहीतरी भयंकर कल्पना करत बसतात. पण सहा वर्षं म्हणजे अवघड वय. जावेला ठरवू द्या.

नऊवारी

जन्मदाखला आहे. विवाह नोंदणी केलीच नव्हती त्यांनी, देवळात झालं होतं लग्न. चिठ्ठी उद्या वकिलांकडे देते. आणि खाकी पँट पिशवीतून काढली, खरंच घातली होती.